वॉर्डन मॅडम, वायफाय कधी आणि कुठे बंद पडतं?

वसतिगृहाच्या तक्रारवहीत सगळ्यात जास्त वेळा लिहिलं जाणारं वाक्य बहुधा ‘वायफाय चालत नाही’ हेच असेल. त्याखाली तीन-चार जणींच्या सह्या असतात. वॉर्डन नेटवाल्याला फोन करतात. तो दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला येतो, जिन्याजवळच्या राउटरखाली उभा राहून फोनवर स्पीड टेस्ट करतो, नव्वदच्या घरातला आकडा मॅडमना दाखवतो आणि ‘आमच्याकडून ओके आहे’ म्हणून निघून जातो. त्या वेळी मुली कॉलेजात असतात. रात्री साडेनऊला त्या खोलीत परततात, व्याख्यानाचा व्हिडिओ लावतात आणि पडद्यावर गोल फिरत राहतो.

यात खोटं कुणीच बोललेलं नसतं. सकाळी अकराला राउटरखाली नेट उत्तम असतं आणि रात्री साडेनऊला टोकाच्या खोलीत ते खरोखरच नसतं. तक्रारीत वेळ आणि जागा लिहिलेली नसते, म्हणून दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहतात. ही कोंडी फोडायला एक ईमेल पुरतो. मात्र त्यात चार गोष्टी हव्यात: कधी, कुठे, किती, आणि बिघाड वाटेतल्या कोणत्या टप्प्यावर आहे. शेवटची गोष्ट फारसं कुणी लिहीत नाही, आणि दुरुस्ती कुणी करायची हे मात्र तिच्यावरच ठरतं.

दोन टप्पे, दोन पिंग

फोनपासून इंटरनेटपर्यंतच्या वाटेचे ढोबळमानाने दोन टप्पे असतात. पहिला टप्पा फोन किंवा लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा, म्हणजे हवेतला. वायफाय म्हणतात ते इतकंच. दुसरा टप्पा राउटरपासून बाहेर नेट कंपनीपर्यंत जाणाऱ्या फायबरचा. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना वायफायच म्हणतो, पण त्यांची दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी.

हवेतल्या टप्प्याचा एक स्वभाव नीट समजून घ्यायला हवा. एका राउटरच्या एका चॅनेलवर, नेहमीच्या वापरात, एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. सभेत एकच माइक असावा आणि तो हातोहात फिरावा, तसं. शिवाय सगळ्यांची बोलण्याची गती सारखी नसते. राउटरखाली बसलेल्या मुलीचा लॅपटॉप जो मजकूर क्षणात पोचवतो, तोच पोचवायला तीन भिंतींपलीकडच्या फोनला दहापट वेळ लागू शकतो, कारण सिग्नल क्षीण झाला की उपकरण आपणहून संथ पण खात्रीच्या गतीवर उतरतं. म्हणजे टोकाच्या खोलीतल्या मुलीचं नेट हळू चालतंच, पण माइक जास्त वेळ तिच्याकडे राहिल्यामुळे जवळच्या मुलींचाही वेळ जातो. टोकाच्या खोल्यांचं गाऱ्हाणं म्हणून सगळ्या मजल्याचं असतं.

दुसऱ्या टप्प्याचं दुखणं सरळ हिशेबाचं आहे. फायबर शंभर एमबीपीएसचं असेल तर त्यातून एका सेकंदाला तेवढंच जाणार. मागणी त्याहून वाढली की रांग लागते, आणि ही रांग राउटरखाली बसलेल्या मुलीलाही चुकत नाही.

बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे ओळखायला पिंग ही जुनी, साधी आणि फुकटची चाचणी पुरते. आपलं यंत्र एक छोटी हाक मारतं, समोरचं यंत्र ओ देतं, आणि त्याला किती मिलिसेकंद लागले ते पडद्यावर दिसतं. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig` लिहिलं की `Default Gateway` या नावासमोर राउटरचा पत्ता दिसतो. तो बहुतेक वेळा 192.168.1.1 किंवा त्यासारखाच असतो. मग या दोन ओळी एकामागून एक द्यायच्या:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिली हाक राउटरला जाते, म्हणजे फक्त हवेतला टप्पा तपासते. दुसरी गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला जाते, म्हणजे दोन्ही टप्पे ओलांडते. मॅक किंवा लिनक्सवर `-n` च्या जागी `-c` लिहायचं. शंभर हाका संपल्या की शेवटी किती हरवल्या आणि सरासरी किती वेळ लागला ते छापलं जातं.

आता वाचायचं कसं? राउटरच्या हाकांतच दहा-पंधरा हरवत असतील तर दुखणं हवेत आहे. नेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. भिंत, अंतर किंवा चॅनेल बघावा लागेल. राउटर पटापट ओ देतोय, पण बाहेरची हाक सकाळी बारा मिलिसेकंदांत आणि रात्री तीनशे मिलिसेकंदांत परत येतेय, तर रांग फायबरवर आहे. तिथे खोलीत नवा राउटर बसवून काही सुधारणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. काही ठिकाणी पिंगला उत्तर देणंच बंद करून ठेवलेलं असतं. वेबसाइट उघडतायत आणि शंभरच्या शंभर हाका हरवतायत, असं झालं तर तो बिघाड समजू नये. तसंच राउटर आपलं मुख्य काम सोडून पिंगला प्राधान्य देत नाही, त्यामुळे एखादी हाक उशिरा परतली तर तिचा पुरावा करू नये. बघायचं ते हरवलेल्या हाकांकडे आणि रोज दिसणाऱ्या फरकाकडे.

मोजायचं कसं

स्पीड टेस्ट सगळ्यांनाच माहीत आहे, पण ती करण्याच्या पद्धतीत बऱ्याच जणी फसतात. फोनवर मोबाइल डेटा चालू राहिला तर वायफाय क्षीण होताच काही फोन गुपचूप त्यावर जातात आणि आकडा भलत्याच नेटचा येतो. व्हीपीएन चालू असेल तरी तेच. म्हणून मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करायचं, मागे चालणारं डाउनलोड थांबवायचं आणि सगळ्या चाचण्या एकाच उपकरणावर करायच्या. एके दिवशी मैत्रिणीच्या नव्या लॅपटॉपवर आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या जुन्या फोनवर मोजलं तर नेटपेक्षा उपकरणांचीच तुलना होते.

एककाचाही गोंधळ होतो. स्पीड टेस्ट `Mbps` सांगते, म्हणजे मेगाबिट. डाउनलोडच्या खिडकीत दिसतो तो `MB/s`, म्हणजे मेगाबाइट. एका बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे शंभर एमबीपीएसचं नेट डाउनलोडमध्ये जास्तीत जास्त साडेबाराच्या आसपास दिसणार. ‘शंभरचं नेट घेतलंय आणि बाराच मिळतंय’ ही तक्रार केली की नेटवाला हसतो, आणि खऱ्या तक्रारीचं वजनही त्याबरोबर जातं.

दर पाच मिनिटांनी चाचणी करत बसण्यातही अर्थ नाही. शंभरच्या नेटवर दहा सेकंदांची एक चाचणी सव्वाशे एमबीच्या आसपास डेटा ओढते. रात्री दहाला वैतागलेल्या वीस मुलींनी एकदम स्पीड टेस्ट लावली तर त्या चाचण्यांनीच नेट तुंबेल. ठरावीक चार वेळा आणि दोन जागा पुरतात: सकाळी सातला, दुपारी तीनला, रात्री साडेनऊला आणि साडेअकराला, एकदा आपल्या खोलीत कॉटवर, एकदा व्हरांड्यात राउटरखाली. असं सात दिवस. आठवडा पूर्ण हवा, कारण शनिवार-रविवारची गर्दी वेगळी असते.

सात दिवसांचे आकडे आले की सरासरी काढायचा मोह होतो, तो टाळावा. समजा रात्री साडेनऊला राउटरखाली सोमवारपासून हे आकडे आले: ११, ७, ६, ८, ४, ३१, ७. शनिवारी निम्म्या मुली घरी गेल्या होत्या, म्हणून ३१. सरासरी साडेदहाच्या वर जाते, पण आठवड्यातल्या पाच रात्री नेट त्याहून कमी होतं. त्याऐवजी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यावा. ४, ६, ७, ७, ८, ११, ३१ यांतला मधला आकडा ७. रोजचा अनुभव तोच आहे. त्याच्या जोडीला सगळ्यात कमी आलेला आकडा द्यावा, म्हणजे वाईटात वाईट रात्र कशी होती तेही कळतं.

एका वसतिगृहाचा हिशेब

आता एक उदाहरण धरून पाहू. वसतिगृह कल्पित आहे, पण मांडणी अनेक वसतिगृहांत असते तशीच. तीन मजले, ९६ मुली, शंभर एमबीपीएसचं एक फायबर, प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एक राउटर. मोजणारी मुलगी दुसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत राहते. तिचे मधले आकडे असे: सकाळी सातला राउटरखाली ८६, खोलीत २४. दुपारी तीनला ७१ आणि १९. रात्री साडेनऊला ७ आणि २. साडेअकराला ५ आणि दीड.

पिंगमध्ये राउटरखाली बसून राउटरला मारलेल्या हाका दिवसभर जवळजवळ सगळ्या पोचल्या. बाहेरची हाक तिथूनच सकाळी १२ मिलिसेकंदांत परतत होती, रात्री २८० मध्ये. खोलीतून मात्र राउटरलाच मारलेल्या शंभर हाकांपैकी सकाळी ३ आणि रात्री १७ हरवल्या.

या आकड्यांतून दोन वेगळे बिघाड दिसतात. रात्री राउटरखाली हवा स्वच्छ आहे, तरी गती ७ वर येते आणि बाहेरची हाक रेंगाळते. म्हणजे रात्री फायबर भरून जातं. सकाळी फायबर रिकामं असताना राउटरखाली ८६ मिळतात, पण खोलीत २४. म्हणजे खोलीपर्यंत सिग्नल नीट पोचत नाही. विटांच्या जाड भिंती, लोखंडी कपाटं, मध्ये बाथरूमच्या टाइल्स आणि पाण्याचे पाइप. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण भिंतींपुढे तो लवकर हार मानतो. मग लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर उतरतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारच्या इमारतींचे राउटरही त्यांवरच बोलत असतात.

हे दोन बिघाड वेगळे काढले नाहीत तर पैसे वाया जातात. समजा संस्थेने शंभरऐवजी दोनशेचं नेट घेतलं. जिन्याजवळच्या मुली खूश होतील, पण टोकाच्या खोलीत राउटरलाच सतरा हाका पोचत नसतील तर तिथे फारसा फरक पडणार नाही. उलट टोकाला नवा राउटर लावला आणि फायबर तेवढंच ठेवलं, तर त्या मुलीही रात्री जिन्याजवळच्या मुलींसारख्याच सातवर येऊन थांबतील.

फायबर रात्रीच का भरतं, याचं उत्तर वापराच्या तासांत आहे. त्यासाठी कुणाच्या फोनवर नजर ठेवायची गरज नाही आणि तसं करूही नये. मजल्यावर एक कागद फिरवावा: नेट कोणत्या तासांत वापरता आणि मुख्यतः कशासाठी? नाव लिहायची सक्ती नको. आपल्या उदाहरणात दुसऱ्या मजल्यावरच्या ३२ मुलींपैकी २८ जणींनी कागद भरला. दुपारी तीनला चौघी नेटवर असतात, रात्री नऊ ते बारामध्ये एकवीस. बाकीचे मजलेही असेच धरले तर दुपारी बारा जणी, रात्री साठच्या वर. यूट्यूबवर ७२० पिक्सेलचा व्हिडिओ पाहायला सुमारे अडीच एमबीपीएस लागतात. बारा जणींना तीस, आणि शंभरात ते आरामात बसतात. साठ जणींना दीडशे, ते बसत नाहीत. त्यात एखादीने ५० जीबीचा गेम उतरवायला घेतला तर शंभरचं अख्खं फायबर एकटं वापरूनही त्याला तासाहून जास्त लागतो. तोही रात्री दहाला सुरू झाला की बाकीच्यांचं काय होईल ते सांगायला नको.

आणखी एका दुखण्याला गतीशी काही देणंघेणं नसतं. वायफाय जोडलेलं दिसतं, पण नेट नाही. विंडोज लॅपटॉपवर `ipconfig` केलं तर पत्ता 169.254 ने सुरू होतो. याचा अर्थ राउटरने पत्ताच दिलेला नाही आणि यंत्राने स्वतःच एक पत्ता घेतलाय. कारण बहुधा असं: ९६ मुलींचे फोन आणि लॅपटॉप मिळून दोनशेच्या आसपास उपकरणं, आणि मुख्य राउटरवर वाटायला शंभर पत्ते. एकदा दिलेला पत्ता चोवीस तास अडून राहतो, मग ती मुलगी सकाळीच गावी निघून गेली असली तरी. पत्त्यांची संख्या वाढवणं आणि मुदत दोन तासांवर आणणं हे राउटरच्या सेटिंगमधलं दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

ईमेल

वॉर्डन मॅडमकडे नेटचं ज्ञान असेलच असं नाही. त्यांना हा ईमेल पुढे पाठवायचा असतो: नेटवाल्याला, संस्थेच्या कार्यालयाला, हिशेब पाहणाऱ्या साहेबांना. म्हणून तो असा हवा की त्यांना स्वतः काही समजावून सांगावं लागू नये. एका पडद्यावर मावेल इतकाच, आणि शेवटी मागणी स्पष्ट.

> विषय: दुसरा मजला, वायफाय : रात्री ९ ते १२ मधील अडचण व विनंती
>
> आदरणीय वॉर्डन मॅडम,
> सप्रेम नमस्कार.
>
> दुसऱ्या मजल्यावर रात्री ९ ते १२ या वेळेत वायफायवर व्याख्याने पाहता येत नाहीत व असाइनमेंट वेळेत अपलोड होत नाहीत. सोमवार ते रविवार असे सात दिवस, रोज चार वेळा, एकाच लॅपटॉपवर गती मोजली. मधले आकडे एमबीपीएसमध्ये असे आहेत :
>
> सकाळी ७ : राउटरखाली ८६, टोकाच्या खोलीत २४
> दुपारी ३ : राउटरखाली ७१, टोकाच्या खोलीत १९
> रात्री ९.३० : राउटरखाली ७ (सर्वांत कमी ४), टोकाच्या खोलीत २
> रात्री ११.३० : राउटरखाली ५, टोकाच्या खोलीत १.५
>
> यावरून दोन अडचणी दिसतात. रात्री राउटरखालीही गती कमी होते, म्हणजे मुख्य लाइनवर गर्दी होत असावी. टोकाच्या खोल्यांत सकाळीही गती कमी आहे, म्हणजे तिथे सिग्नल पुरेसा पोचत नसावा. मजल्यावरील २८ पैकी २१ मुली रात्री ९ ते १२ मध्ये नेट वापरतात. याशिवाय आठवड्यात तीन वेळा वायफाय जोडूनही पत्ता न मिळाल्याने नेट चालले नाही.
>
> विनंती अशी की तंत्रज्ञांनी एकदा रात्री ९.३० ते १०.३० मध्ये येऊन दोन्ही जागी तपासणी करावी, आणि राउटरवरील पत्त्यांची संख्या व मुदत पाहावी. ते येतील तेव्हा मी मजल्यावर हजर राहीन. सर्व नोंदींची शीट सोबत जोडली आहे.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, खोली क्रमांक)

या ईमेलमध्ये कुणावर आरोप नाही. ‘असावी’, ‘नसावा’ ही क्रियापदं मुद्दाम आहेत. मोजलेलं तेवढं ठामपणे सांगितलंय, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासायला तंत्रज्ञाकडे सोपवलाय. कुठली मुलगी गेम उतरवते ते यात येत नाही, यायलाही नको. सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे रात्रीच्या तपासणीची मागणी. तंत्रज्ञ रात्री आला नाही तरी त्याला निदान दिवसाच्या आकड्यावर ‘ओके आहे’ म्हणता येत नाही, कारण दिवसा ओके आहे हे ईमेलमध्येच लिहिलंय.

कायद्याचा आधार घ्यायचा मोह इथे आवरावा. २०२३ च्या जानेवारीपासून भारतात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस गती लागते. आधी ती ५१२ केबीपीएस होती. पण ही अट नेट कंपनीने दिलेल्या जोडणीला आहे. वसतिगृहाने तीच जोडणी ९६ जणींत वाटली तर प्रत्येकीला दोन मिळालेच पाहिजेत असं त्यातून निघत नाही.

उत्तर आल्यावर

उपाय स्वस्तापासून महागाकडे जावेत. पत्त्यांची मुदत कमी करणं आणि तीन मजल्यांना १, ६, ११ असे वेगळे चॅनेल देणं फुकट आहे. राउटर करू शकत असेल तर गर्दीच्या वेळी सगळ्यांना सारखा वाटा द्यायची सोय चालू करणंही फुकट. साठ जणींत शंभर वाटले तर प्रत्येकीला दीडच्या वर येतात. ४८० पिक्सेलचं व्याख्यान त्यात अडखळत नाही, आणि गेम उतरवणारीला थोडं थांबावं लागतं. स्वस्त राउटरवर ही सोय नसते. तिथे प्रत्येक उपकरणाला कायमची दोनची मर्यादा घालतात, आणि मग रिकाम्या सकाळीही कुणाला दोनच मिळतात. नेटवाला ‘लिमिट लावतो’ म्हणाला तर ती फक्त रात्रीच्या तासांपुरती लावता येईल का, हे विचारावं.

टोकाच्या खोल्यांसाठी तिथे आणखी एक अॅक्सेस पॉइंट लागतो, आणि तो केबल ओढूनच लावावा. दुकानात मिळणारा साधा रिपीटर स्वस्त पडतो, पण तो तोच मजकूर हवेत दुसऱ्यांदा बोलतो आणि मजल्याचा वेळ आणखी खातो. मुलींनी आपापले राउटर किंवा हॉटस्पॉट लावले तरी हाच प्रकार होतो. राउटरमागचं बारीक भोक टाचणीने दाबून तो रीसेट करण्याची युक्ती तर मुळीच करू नये. त्याने सगळी सेटिंग पुसली जातात आणि अख्खा मजला दोन दिवस नेटविना बसतो.

मोठी लाइन घेणं सगळ्यात शेवटी, आणि घेण्याआधी सध्याच्या योजनेची डेटामर्यादा विचारून घ्यावी. अनेक घरगुती फायबर योजनांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि ती ओलांडली की गती खाली येते. ९६ मुलींनी रोज फक्त एक तास ७२० पिक्सेलचा व्हिडिओ पाहिला, तरी महिन्याला ३१०० जीबीच्या वर जातात. मर्यादा संपल्याची खूण सकाळच्या आकड्यात दिसते: पंचवीस तारखेनंतर सकाळी सातलाही राउटरखाली गती पडलेली, आणि नवा महिना सुरू होताच ती पूर्ववत. तसं असेल तर गती वाढवण्याआधी योजनेचा प्रकार बदलायला हवा.

मोजमापालाही मर्यादा आहेतच. स्पीड टेस्ट जवळच्या, मोकळ्या सर्व्हरपर्यंतची गती मोजते. निकालाच्या दिवशी विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडलं नाही तर दोष वसतिगृहाच्या नेटचा असेलच असं नाही; त्या वेळी पिंग आणि दुसरी एखादी साइट तपासून पाहावी आणि दोन्ही ठीक असतील तर तक्रार करू नये.

दुरुस्ती झाली की पुन्हा सात दिवस, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच लॅपटॉपवर मोजावं आणि ते आकडेही त्याच ईमेलच्या उत्तरात पाठवावेत, सुधारणा झाली असेल तरी. हिशेब पाहणाऱ्या साहेबांना पैसे कुठे लागले ते कळतं, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलींना वॉर्डनकडे जाताना हातात कागद मिळतो. तुमच्या वसतिगृहात अशी नोंद नसेल, तर आज रात्री साडेनऊला ती सुरू करा.